पेटीतली टिपणं आणि बँकेची यादी

गेल्या काही महिन्यांत आमच्याकडे आलेल्या पत्रांत एक प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा आला आहे. घर जुने झाले आहे, बांधायचे किंवा दुरुस्त करायचे आहे, बँकेत गेलो तर त्यांनी कागदांची एक छापील यादी हातात दिली, आणि घरी आहे ती वडिलांची वही, पाकिटांवर लिहिलेल्या दोन ओळी आणि थोरल्या माणसांच्या तोंडी आठवणी. या दोन्हींचा मेळ घालायचा कसा?

व्याजाच्या कर्जाविषयी अनेक घरांत संकोच असतो, आणि तो निर्णय प्रत्येक घराने आपल्या आलिमांना विचारून घ्यावा. हे सदर कागदांपुरते आहे. उद्या तेच घर विकायचे, वाटून घ्यायचे किंवा इमारतीसाठी द्यायचे ठरले तरी हेच कागद लागणार आहेत.

समजा, पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी, सिटी सर्व्हे झालेल्या भागात एक जुने मातीच्या भिंतींचे घर आहे. अब्बा आणि त्यांचा नोकरी करणारा मुलगा मिळून ते पाडून नवे बांधू पाहतात. घरातल्या लेकीने पेटी उघडली, अम्मी-अब्बांना विचारले आणि वहीच्या एका पानावर सगळे उतरवून काढले. नाती त्या लेकीच्या बाजूने वाचावीत:

घर दादांनी 1968 साली विकत घेतले, कागद पेटीत आहेत. दादा 1989 मध्ये वारले, दादी 2003 मध्ये, चाचा 2015 मध्ये. दादांनी पतसंस्थेचे कर्ज काढले होते, ते 1981 मध्ये फिटले. दोन्ही फुफ्यांनी लग्नातच हक्क सोडला आहे. कार्डावर अब्बा आणि चाचांचे नाव लागले आहे. घरपट्टी अब्बा भरतात. मागची खोली 1994 मध्ये वाढवली.

टिपण चांगले आहे. इतकेही ज्या घरात लिहिलेले नसते अशी घरे आम्ही पाहिली आहेत. पण बँकेच्या वकिलाला यातल्या एकाही वाक्याचा तसा उपयोग नाही. त्याला प्रत्येक वाक्यामागचा कागद हवा असतो. म्हणून पहिले काम हे, की नवीन पानावर चार रकाने आखायचे. पहिल्यात टिपणातले वाक्य, दुसऱ्यात ते सिद्ध करणारा कागद, तिसऱ्यात तो कोणत्या कार्यालयातून मिळतो, आणि चौथ्यात आज आपल्या हातात नेमके काय आहे: मूळ कागद, शिक्क्याची प्रमाणित प्रत, नुसती झेरॉक्स की काहीच नाही. चौथा रकाना प्रामाणिकपणे भरला तर निम्मे काम होते. ‘कागद पेटीत आहेत’ असे सगळीच घरे सांगतात, आणि पेटी उघडली की त्यातली बरीचशी पाने झेरॉक्स निघतात.

आता एकेक वाक्य घेऊ. ‘घर दादांनी 1968 साली विकत घेतले.’ यामागे नोंदणीकृत खरेदीखत हवे. त्याच्या मागच्या बाजूला दुय्यम निबंधकाचा शिक्का, दस्त क्रमांक आणि वर्ष असते. हे तिन्ही आधी यादीत उतरवून घ्यावे, कारण मूळ खत सापडले नाही तर याच क्रमांकावरून दुय्यम निबंधक कार्यालयात प्रमाणित नक्कल मागता येते. बँकेचा वकील साधारण मागच्या तीस वर्षांचा शोध घेतो, म्हणजे त्या काळात या मिळकतीवर कोणता दस्त झाला, कोणाचे गहाण आहे काय, हे नोंदणीच्या पुस्तकांतून पाहतो. आपले खरेदीखत त्याहून जुने असले तरी मालकी तिथूनच सुरू होते, त्यामुळे ते लागतेच. आणि लागते ते मूळच. बँक घर गहाण घेते ते बहुधा मूळ दस्तऐवज स्वतःकडे ठेवून घेऊन. मूळ हरवले असेल तर पोलिसांत तक्रार, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस, प्रतिज्ञापत्र आणि प्रमाणित नक्कल इतका पसारा करावा लागतो, आणि तरीही काही बँका नकार देतात. म्हणून खत घरातल्या दुसऱ्या कोणाकडे तर नाही, हे आधी विचारावे. कित्येकदा ते दुसऱ्या शहरात राहणाऱ्या भावाच्या कपाटात सुरक्षित असते.

‘पतसंस्थेचे कर्ज फिटले’ हे वाक्य निरुपद्रवी दिसते. पण कर्ज घेताना सिटी सर्व्हेच्या कार्डावर, म्हणजे मिळकत पत्रिकेवर, बोजाची नोंद झाली असेल आणि फेडल्यावर ती कोणी काढून घेतली नसेल तर आजही ती तिथेच असते. बँकेच्या दृष्टीने ते घर अजून गहाण आहे. मिळकत पत्रिकेचा ताजा उतारा काढून ‘इतर भार’ आणि ‘शेरा’ हे रकाने नीट वाचावेत. बोजा दिसला तर त्या संस्थेचा बेबाकी दाखला घेऊन भूमी अभिलेख कार्यालयात बोजा कमी करण्याचा अर्ज द्यावा लागतो. संस्था बंद पडली असेल तर तिच्यावर नेमलेल्या अवसायकाकडे किंवा सहकार खात्याच्या उपनिबंधक कार्यालयात तिचे दप्तर कोठे आहे ते विचारावे. याला वेळ लागतो. म्हणून हे काम यादीत अगदी वर घ्यावे.

यानंतर टिपणातली सर्वांत महत्त्वाची ओळ येते, ती मृत्यूंच्या तारखांची. घरात ही ओळ आठवण म्हणून लिहिलेली असते, पण आपल्या वारसा कायद्यात मालकी याच तारखांवर फिरते. हिंदू एकत्र कुटुंबात असते तशी जन्माने मिळणारी हिस्सेदारी आपल्याकडे नाही. माणूस हयात असेपर्यंत सगळी मिळकत त्याची एकट्याची, आणि त्याने डोळे मिटले त्या क्षणी ती त्या वेळी हयात असलेल्या वारसांत ठरलेल्या हिश्श्यांनी विभागली जाते. कोणी वाटणी करो वा न करो, कार्डावर नाव लागो वा न लागो. आधी मय्यतीचा खर्च आणि देणी भागवायची असतात, आणि या देण्यांत पत्नीचा राहिलेला मेहरही येतो, हे मात्र ध्यानात ठेवावे.

आपल्या घराचा हिशेब करून पाहू. दादांचे आई-वडील आधीच गेलेले. 1989 मध्ये दादा गेले तेव्हा दादी, दोन मुलगे आणि दोन मुली हयात होत्या. मुले असल्यामुळे दादींचा आठवा हिस्सा. उरलेले सात अष्टमांश मुलाला दोन आणि मुलीला एक या प्रमाणात. घराचे 48 भाग धरले तर दादींचे 6, अब्बा आणि चाचांचे प्रत्येकी 14, फुफ्यांचे प्रत्येकी 7. पुढे 2003 मध्ये दादी गेल्या, त्यांचे 6 भाग त्यांच्या चार मुलांत त्याच प्रमाणात गेले: मुलग्यांना दोन-दोन, मुलींना एक-एक. आता अब्बा 16, चाचा 16, फुफ्या 8 आणि 8. म्हणजे तिसरा हिस्सा, तिसरा हिस्सा आणि दोन सहावे हिस्से. मग 2015 मध्ये चाचा गेले. मागे चाची, एक मुलगा आणि एक मुलगी. चाचांच्या तिसऱ्या हिश्श्यातला आठवा भाग चाचींचा, बाकी मुलगा आणि मुलगी यांत दोनास एक. सगळ्या घराचे 72 भाग केले की हिशेब पूर्णांकात येतो: अब्बांचे 24, दोन्ही फुफ्यांचे 12-12, चाचींचे 3, चुलतभावाचे 14 आणि चुलतबहिणीचे 7. बेरीज करून पाहावी, 72 भरते. घर ‘अब्बांचे’ म्हणून सगळे ओळखतात, प्रत्यक्षात त्याचे सहा मालक आहेत आणि अब्बांचा हिस्सा एकतृतीयांश आहे.

तारीख का महत्त्वाची, हे एका बदलाने कळते. चाचा 2015 ऐवजी 1987 मध्ये, म्हणजे दादांच्या आधी, गेले असते तर? दादांच्या मृत्यूच्या वेळी दुसरा मुलगा म्हणजे अब्बा हयात असल्यामुळे आधी वारलेल्या मुलाच्या मुलांना वारसा मिळाला नसता. मग घराचे मालक तिघेच: अब्बांचे निम्मे, फुफ्यांचे पाव-पाव. दादांनी नातवंडांसाठी वसीयत केली असती तर ती एकतृतीयांश मिळकतीपर्यंत चालली असती, किंवा हयातीत हिबा करून देता आले असते. नुसत्या एका तारखेने मालकांची यादी बदलते. म्हणून ‘1988-89 च्या सुमारास’ असे टिपण चालत नाही. मृत्यूचे दाखले हवेत, नगरपालिकेचे किंवा ग्रामपंचायतीचे. जुन्या मृत्यूंची नोंदच झालेली नसेल, तर वर्ष उलटून गेल्यावर ती करण्यासाठी दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. अशा वेळी जमातीच्या कब्रस्तानाच्या वहीतली दफनाची नोंद पुराव्याच्या कामी येते. ती स्वतः दाखला नव्हे, पण तारीख सांगणारा समकालीन कागद आहे, आणि ज्या जमातींनी या वह्या नीट जपल्या आहेत त्यांचे आभार मानावे तेवढे थोडे.

दाखल्यांबरोबर वंशावळीचे प्रतिज्ञापत्र जोडावे. त्यात दादांपासून प्रत्येकाचे वारस, हयात किंवा मयत, तारखांसह लिहावे. बँकेचा वकील काही वेळा दिवाणी न्यायालयाचा वारस दाखला मागतो. तो आपल्या राज्यात मुंबई रेग्युलेशन 8, सन 1827 या जुन्या कायद्याखाली मिळतो. पुष्कळ जण त्याऐवजी ‘सक्सेशन सर्टिफिकेट’च्या अर्जावर पैसे घालवतात. ते येणी, ठेवी आणि रोखे यांच्यासाठी असते, घराला ते लागू पडत नाही. वकिलाने दाखला मागितला तर कोणता, हे त्याच्याकडून लेखी घ्यावे.

आता ‘कार्डावर अब्बा आणि चाचांचे नाव लागले आहे’. ही नोंद बहुधा 1989 नंतर कोणीतरी दिलेल्या अर्जावरून झाली, आणि त्या अर्जात मुलींची नावे लिहिलीच नाहीत. आपल्या समाजात हे सर्रास झाले आहे, हे कबूल करायला हवे. फुफ्यांचे नाव कार्डावर नाही म्हणून त्यांचा हक्क गेला, असे होत नाही. कार्ड किंवा सातबारा ही महसुली नोंद आहे, ती मालकी निर्माण करत नाही आणि संपवतही नाही. घरपट्टीची पावती तर त्याहून दुबळी. अब्बा चाळीस वर्षे घरपट्टी भरत असतील, पण त्या पावत्यांवरून मालकी ठरत नाही. त्या बँकेच्या यादीत असतात त्या फक्त थकबाकी नाही हे पाहण्यासाठी. बँकेचा वकील मृत्यूचे दाखले आणि वंशावळ वाचतो, कार्डाशी ताडतो आणि विचारतो: मुली कुठे आहेत? हा प्रश्न त्याने विचारण्याच्या आधी आपणच दुरुस्तीचा अर्ज करावा. नगर भूमापन कार्यालयात दाखले, वंशावळ आणि सर्व वारसांची नावे देऊन वारस नोंद करून घ्यावी. नोटिसा निघतात, हरकतीची मुदत जाऊ द्यावी लागते, त्यानंतर फेरफार होऊन सहाही नावे कार्डावर येतात.

आणि ते वाक्य, ‘दोन्ही फुफ्यांनी लग्नातच हक्क सोडला आहे’. यावर थोडे थांबायला हवे, कारण कर्जाचे प्रकरण बहुतेक घरांत इथेच अडते. फुफ्यांची लग्ने समजा 1978 आणि 1983 मध्ये झाली. तेव्हा दादा हयात होते. म्हणजे त्या दिवशी फुफ्यांच्या हाती कोणताही हक्क नव्हता, पुढेमागे मिळण्याची आशा तेवढी होती, आणि अशी आशा सोडून देता येत नाही. लग्नात दागिने दिले, खर्च केला, ते वडिलांनी आपल्या खुशीने दिले. त्याने वारसा फिटत नाही. काही प्रकरणांत, मोबदला घेऊन हक्क सोडल्याचे ठाम वागणे सिद्ध झाले तर न्यायालयाने पुढे दावा करू दिलेला नाही, पण तो न्यायालयातला वाद आहे. बँक असा वाद अंगावर घेऊन कर्ज देत नाही.

दादांच्या मृत्यूनंतर हक्क सोडता येतो, पण तोंडी नाही. हिस्सा स्थावर मिळकतीतला असल्यामुळे हक्कसोडपत्र मुद्रांकावर लिहून दुय्यम निबंधकाकडे नोंदवावे लागते. काही जण म्हणतात, फुफ्यांनी अब्बांना हिबा केला. हिबा तोंडीही होऊ शकतो: देणाऱ्याचे जाहीर सांगणे, घेणाऱ्याचा स्वीकार आणि ताबा देणे या तीन गोष्टी झाल्या की तो पुरा होतो. आधी झालेल्या तोंडी हिब्याची नुसती लेखी नोंद ठेवली तर ती नोंदवलीच पाहिजे असे नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये सांगितले आहे. पण या तीन गोष्टी झाल्या हे वीस वर्षांनी कोण सिद्ध करणार? दोघी फुफ्या हयात आहेत, तेव्हा जुना हिबा शोधत बसण्यापेक्षा त्यांची आजची इच्छा विचारणे साधे आणि स्वच्छ.

विचारणे म्हणजे सहीसाठी कागद पुढे करणे नव्हे. आमचे मत विचाराल तर, बँकेने यादी दिली म्हणून बहिणीकडे हक्कसोड मागायला जाऊ नये. सूरह निसामध्ये मुलीचा हिस्सा ठरवून दिला आहे. तो आधी तिला सांगावा, 72 पैकी 12 भाग असा कागदावर लिहून दाखवावा, घराची आजची किंमत काय आहे तीही सांगावी. पुढे तीन वाटा आहेत. तिने राजीखुशीने सोडला तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र. तिला मोबदला हवा असेल तर तो देऊन दस्त करावा, आणि रक्कम दस्तात खरी लिहावी. किंवा तिने हिस्सा ठेवावा आणि गहाणाला संमती द्यावी, म्हणजे कर्जाच्या कागदांवर सहअर्जदार किंवा जामीन म्हणून सही करावी. तिसरी वाट निवडताना तिला स्पष्ट सांगावे की हप्ते थकले तर तिचा हिस्साही धोक्यात येईल आणि बँक तिच्याकडेही वसुलीला येऊ शकते. आत्याच आहे, सही करेल, असे गृहीत धरून तिला दुपारच्या गाडीने कार्यालयात बोलावून घेणे हा अन्याय आहे. हक्कसोड किंवा खरेदी यांवरचे मुद्रांक शुल्क वेगवेगळे आहे. कोणत्या दस्ताला किती लागते ते मसुदा करण्याआधी दुय्यम निबंधक कार्यालयात विचारून यादीच्या तिसऱ्या रकान्यात लिहून ठेवावे.

फुफ्यांपेक्षाही अवघड गाठ चुलतबहिणीची आहे. ती सोळा वर्षांची आहे असे धरू. तिच्या वाट्याला 72 पैकी 7 भाग आहेत. अल्पवयीनाचा हिस्सा गहाण टाकायचा किंवा सोडायचा तर तिच्या वतीने सही कोण करणार? चाची म्हणतील, मी आई आहे. घराघरांत हेच उत्तर येते आणि इथेच प्रकरण फसते. मुस्लिम कायद्यानुसार आई मुलांच्या मिळकतीची कायदेशीर पालक नसते. वडील, त्यांनी वसीयतीने नेमलेला माणूस, दादा आणि दादांनी नेमलेला माणूस, एवढेच पालक. यातले कोणीच नसेल तर गार्डियन्स अँड वॉर्ड्स अॅक्ट, 1890 खाली जिल्हा न्यायालयाकडून पालक नेमून घ्यावा लागतो. न्यायालय चाचींना नेमू शकते. पण नेमल्यानंतरही स्थावर गहाण टाकण्यासाठी किंवा विकण्यासाठी न्यायालयाची वेगळी परवानगी लागते, आणि त्यात मुलीचा फायदा काय ते दाखवावे लागते. चाचांच्या जागी अब्बांनी ‘मोठा चाचा’ म्हणून सही केली तर तीही चालत नाही. असा दस्त बँकेने चुकून घेतला तरी मुलगी सज्ञान झाल्यावर तो टिकत नाही.

मग करायचे काय? न्यायालयाची वाट धरायची तर महिने लागतात. दोन वर्षे थांबले तर ती स्वतः अठराची होईल आणि आपला निर्णय आपण घेईल. कर्ज तातडीचे नसेल तर आम्हाला दुसरे बरे वाटते. दरम्यान पावसाळ्यापुरती डागडुजी सोने तारण ठेवून किंवा घरच्या पैशातून करता येते, आणि या काळात बोजा, मृत्यूचे दाखले, वारस नोंद ही वेळखाऊ कामे उरकून घेता येतात. टिपणात मुलांची जन्मतारीख नसते, म्हणून यादीत ती लिहायला आम्ही मुद्दाम सांगतो.

नावांचाही एक घोळ आपल्या कागदांत हमखास असतो. खरेदीखतात ‘अब्दुल गफूर वल्द इमाम’, कार्डावर ‘गफूर इमामसाब’, मृत्यूच्या दाखल्यावर ‘अ. गफूर’ आणि आधारवर आडनाव जोडलेले. बायकांचे तर माहेरचे नाव, सासरचे नाव आणि ‘बी’, ‘बेगम’ हे शेवट वेगवेगळे. लेकीने यादीच्या मागच्या पानावर प्रत्येक माणसाचे एक खाते उघडावे आणि कोणत्या कागदावर त्याचे नाव अक्षरशः कसे लिहिले आहे ते उतरवावे. मग हयात माणसांचे आधार आणि पॅन आधी एकसारखे करून घ्यावेत, आणि मयतांसाठी ‘ही दोन्ही नावे एकाच व्यक्तीची’ असे प्रतिज्ञापत्र सर्व वारसांनी मिळून करावे. खरेदीखतातले नाव बदलायला जाऊ नये.

राहिली ‘मागची खोली 1994 मध्ये वाढवली’ ही ओळ. परवानगीचा नकाशा नसेल तर त्या खोलीची किंमत बँकेचा मूल्यांकन करणारा धरत नाही. आपल्या घरात सगळे पाडायचेच असल्याने ती अडचण आपोआप मिटते. नव्या बांधकामाला नगरपालिकेचा मंजूर नकाशा, बांधकाम परवाना आणि अभियंत्याचे खर्चाचे अंदाजपत्रक लागेल, आणि परवाना मागतानाही कार्डावरचे सगळे मालक पुढे येतात. म्हणजे वारस नोंदीवाचून तेही काम हलत नाही.

उत्पन्नाचे कागद, पगारपत्रके, फॉर्म 16, आयकर विवरणे, बँकेचे खातेउतारे, हे सगळे नोकरी करणाऱ्या मुलाकडे तयार असतात, त्यांत फार डोके घालायला नको. एवढे मात्र पाहावे की कर्ज मुलाच्या पगारावर मिळणार असले तरी तो आज या घराचा मालक नाही. अब्बा हयात आहेत, म्हणून घरात त्याचा हिस्सा नाही. त्यामुळे अब्बांसह जे मालक गहाण देणार आहेत ते सगळे कर्जाच्या कागदांवर येणार.

आता ती वही आणि नवे पान शेजारी ठेवले तर क्रम उलटा झालेला दिसेल. टिपणात घराच्या गोष्टीचा क्रम होता. यादीत वेळ ज्याला जास्त लागतो ते आधी: अल्पवयीन मुलीचा प्रश्न, पतसंस्थेचा बोजा, मृत्यूंचे दाखले, वारस नोंद. त्यानंतर फुफ्यांशी बोलणे आणि त्यांच्या निर्णयाप्रमाणे दस्त. मग नकाशा आणि परवाना. मिळकत पत्रिकेचा ताजा उतारा, घरपट्टीची चालू पावती, पगाराचे कागद हे अगदी शेवटी, कारण बँकेला ते अलीकडच्या तारखेचे लागतात आणि आधी काढून ठेवले तर पुन्हा काढावे लागतात. मिळकत पत्रिकेचा डिजिटल सहीचा उतारा digitalsatbara.mahabhumi.gov.in या संकेतस्थळावर फी भरून मिळतो, त्यासाठी सिटी सर्व्हे नंबर हाताशी असला म्हणजे झाले.

अर्ज भरण्यापूर्वी हा सगळा संच, अजून काही कागद अपुरे असले तरी, बँकेच्या शाखेत दाखवावा आणि त्यांच्या वकिलाला कोणत्या गोष्टींवर शंका आहे ते विचारावे. प्रक्रिया शुल्क आणि शोध अहवालाचे पैसे अर्जदाराच्याच खिशातून जातात, आणि कर्ज नाकारले म्हणून ते बहुधा परत मिळत नाहीत. चुलतबहिणीच्या सात भागांसारखी गोष्ट त्या आधी समोर आलेली बरी.

कर्ज मंजूर झाले आणि मूळ कागद बँकेत द्यायची वेळ आली की प्रत्येक कागदाचे नाव, दस्त क्रमांक आणि पाने लिहिलेली पोच घ्यावी, नुसते ‘कागदपत्रे मिळाली’ अशी नाही. सर्व कागदांची स्वच्छ प्रत घरी ठेवावी, आणि फुफ्या, चाची व चुलतभाऊ यांनाही एकेक प्रत द्यावी, कारण घर त्यांचेही आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार 1 डिसेंबर 2023 पासून, कर्ज पूर्ण फिटल्यावर 30 दिवसांच्या आत मूळ कागद परत करणे आणि नोंदवलेला बोजा काढून घेणे बँकेवर बंधनकारक आहे. बँकेच्या चुकीने उशीर झाला तर दर दिवसाला 5000 रुपये भरपाई द्यावी लागते. त्या दिवशी पोचपावतीशी कागद ताडून घ्यावेत, कार्डावरचा बोजा कमी झाल्याचा उतारा काढावा, आणि तो दोन्ही फुफ्यांना पाठवून द्यावा.